पावत्या ६,८४,५०० च्या, बँकेत जमा ६,६०,२५०: मधले २४,२५० गेले कुठे?



गावात एखाद्याचं दुकान नीट चाललं, की लोक त्याला हमखास कुठल्यातरी ट्रस्टचा खजिनदार करतात. कारण सरळ असतं: "ह्याला हिशेब कळतो." आपल्या राजुरीतच नाही, आळेफाटा, बेल्हे, ओतूर, घोडेगाव, मंचर, कुठंही बघा. डेअरीवाला, खतं-औषधांच्या दुकानाचा मालक, पोल्ट्रीवाला, हीच माणसं देवस्थानच्या, शाळेच्या नाहीतर अभ्यासिकेच्या ट्रस्टवर असतात. मग वर्ष संपतं, सभा भरते आणि कुणीतरी पावती पुस्तकांची बेरीज करून पासबुकाशी लावतो. दोन आकडे जुळत नाहीत. पुढचा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही, पण सगळे खजिनदाराकडंच बघतात.

त्या वेळी काय उत्तर द्यायचं, हे आज बघू. ऑडिटर विश्वस्ताला एक छोटी टिपण देतो, तिच्या नमुन्यावरून समजून घेऊ. ट्रस्ट आणि त्याचे आकडे मी समजावण्यासाठी बनवलेत. तारखा आणि कायद्याच्या तरतुदी मात्र खऱ्या आहेत.

आधी परिस्थिती समजून घ्या

समजा राजुरीत एक नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्ट आहे. तो मुलांसाठी अभ्यासिका चालवतो आणि गावच्या यात्रेला अन्नदान करतो. देणग्या चार वाटांनी येतात. गावातले लोक रोख देतात, काही जण चेक देतात, मुंबई-पुण्यात नोकरीला असलेली मंडळी क्यूआर कोडवर पाठवतात आणि काही शेतकरी धान्य देतात. शिवाय अभ्यासिकेच्या दारात एक दानपेटी आहे.

१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या वर्षात फाडलेल्या पावत्यांची बेरीज आली ₹ ६,८४,५००. बँकेत देणगी म्हणून जमा झालेल्या रकमांची बेरीज आली ₹ ६,६०,२५०. फरक ₹ २४,२५०. विश्वस्तांनी ऑडिटरला विचारलं, "साहेब, एवढे पैसे कमी कसे?"

ऑडिटरनं उत्तरादाखल पानभर टिपण दिली:

> मा. विश्वस्त यांस,
>
> विषय: सन २०२४-२५ च्या देणगी पावत्या व बँकेतील जमा यांमधील फरक.
>
> पावत्यांच्या स्थळप्रती, रोजमेळ व बँकेचे खातेउतारे एकमेकांशी नोंदनिहाय पडताळले. निष्कर्ष असे:
>
> पावती आहे, पण बँकेत जमा नाही:
> (१) वर्षअखेरची रोख, दि. २ एप्रिल २०२५ रोजी भरलेली: ₹ १८,४००
> (२) न वटलेला चेक, पावती रद्द केलेली नाही: ₹ ११,०००
> (३) वस्तुरूप देणगी (तांदूळ ६ क्विंटल): ₹ २४,०००
> (४) पावती पुस्तक क्र. ४ मधील यात्रेची रोख, बँकेत न भरता खर्च: ₹ ४६,५००
>
> बँकेत जमा आहे, पण या वर्षाची पावती नाही:
> (५) यूपीआयने आलेल्या ४३ रकमा: ₹ ३८,७५०
> (६) दानपेटीतील रक्कम: ₹ २७,६००
> (७) मागील वर्षअखेरची शिल्लक रोख, एप्रिल २०२४ मध्ये भरलेली: ₹ ९,३००
>
> बाब (४) पैकी ₹ ४१,३०० ची व्हाउचर्स मिळाली. उर्वरित ₹ ५,२०० चा हिशेब मिळालेला नाही. तो दि. ३१ मे २०२५ पूर्वी द्यावा. न मिळाल्यास ही रक्कम संबंधितांकडून येणे म्हणून दाखवावी लागेल व अहवालात तशी नोंद होईल.
>
> दि. १५ मे २०२५

टिपण एवढीच. आता तिच्यात नेमकं काय सांगितलंय ते उलगडू.

ऑडिटरनं बेरजा जुळवल्याच नाहीत

"नोंदनिहाय पडताळले" हा शब्द बघा. सगळी गोम तिथंच आहे. पावत्यांची बेरीज सांगते की ट्रस्टनं किती देणगी मिळाल्याचं लिहून दिलं. बँकेची बेरीज सांगते की खात्यात किती पैसे पोचले. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यामुळं उत्तरंही वेगळी येणार.

म्हणून ऑडिटर तीन कागद शेजारी ठेवतो. पहिला कागद पावतीची स्थळप्रत, म्हणजे पुस्तकात राहणारी प्रत. दुसरा रोजमेळ. तिसरा बँकेचा उतारा. मग एकेक पावती घेऊन तो विचारतो, "हे पैसे रोजमेळात कधी आले? तिथून बँकेत कधी गेले?" सापडलं की टिक. न सापडलेल्या पावत्यांची एक यादी होते. नंतर उलट्या दिशेनं जातो. बँकेतली प्रत्येक जमा घेऊन विचारतो, "हिची पावती कुठंय?" न सापडलेल्या जमांची दुसरी यादी होते.

आता दोन्ही यादींच्या बेरजा करा. पावती आहे पण बँकेत नाही, असे ₹ ९९,९००. बँकेत आहे पण पावती नाही, असे ₹ ७५,६५०. एकातून दुसरी वजा केली की उरतात तेच २४,२५०.

इथं जरा थांबा. विश्वस्तांना २४ हजारांचा फरक दिसत होता, पण प्रत्यक्षात पावणेदोन लाखांच्या नोंदी न जुळणाऱ्या होत्या. निम्म्या एका बाजूला आणि निम्म्या दुसऱ्या बाजूला असल्यामुळं त्यांनी एकमेकींना झाकून टाकलं. यूपीआयचे पैसे आणखी २४,२५० नं जास्त आले असते, तर दोन्ही बेरजा तंतोतंत जुळल्या असत्या आणि सभेत कुणी प्रश्नच विचारला नसता. यात्रेच्या रोखीचा घोळ मात्र तसाच राहिला असता. म्हणून बेरीज जुळली याचा अर्थ हिशेब जुळला असा होत नाही.

तारखेमुळं पडलेला फरक

सगळ्यात निरुपद्रवी फरक तारखेचा असतो. २०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी आला. त्या दिवशी लोकांनी हौसेनं देणग्या दिल्या आणि पावत्या फाडल्या गेल्या. ३१ ला सोमवारी रमजान ईद. १ एप्रिलला बँकांचा वार्षिक हिशेब, व्यवहार बंद. पैसे भरले २ एप्रिलला. पावती जुन्या वर्षात आणि बँकेची जमा नव्या वर्षात. हेच ते ₹ १८,४००.

यात गैर काहीच नाही. फक्त ३१ मार्चच्या ताळेबंदात ही रक्कम "हातातील रोख" म्हणून दिसली पाहिजे आणि ती रोख त्या रात्री खरंच हातात होती हे दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी ३१ मार्चला संध्याकाळी दोघांनी मिळून नोटा मोजायच्या. किती रुपयांच्या किती नोटा ते कागदावर लिहायचं आणि सही करायची. दहा मिनिटांचं काम आहे. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ट्रस्टच्या ऑडिट अहवालात रोख शिल्लक आणि व्हाउचर्स हिशेबाशी जुळतात का, हे ऑडिटरला स्पष्ट लिहावं लागतं. तुमच्याकडं मोजणीचा कागद नसेल, तर तो काय लिहिणार?

बाब (७) हीच गोष्ट एक वर्ष मागची. मार्च २०२४ च्या पावत्यांचे ₹ ९,३०० एप्रिलमध्ये बँकेत आले. ते या वर्षाच्या जमेत दिसतात, पण त्यांची पावती मागच्या वर्षाच्या पुस्तकात आहे. त्यांना या वर्षाची देणगी धरलं, तर तेच पैसे दोनदा मोजले जातील.

पावती आहे, पण पैसे कधी आलेच नाहीत

₹ ११,००० चा चेक आला. त्याच वेळी पावती दिली. चेक बँकेत टाकला आणि खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळं तो परत आला. बँकेनं जमा उलटवली. पावती मात्र देणगीदाराच्या घरात सुखरूप आहे.

ही बाब किरकोळ वाटते, पण हिच्यामागं आयकराचा विषय आहे. २०२४-२५ ला लागू असलेल्या आयकर कायद्यात ज्या ट्रस्टला कलम ८०जी ची मान्यता होती, त्याला वर्षभरातल्या देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडी मध्ये भरावी लागत होती. २०२४-२५ साठी तिची मुदत ३१ मे २०२५ होती. उशीर झाला तर दिवसाला ₹ २०० शुल्क होतं. त्या यादीवरून देणगीदाराला फॉर्म १०बीई, म्हणजे कर सवलतीचं प्रमाणपत्र मिळत होतं. आता पावत्यांवरून डोळे झाकून यादी भरली, तर न दिलेल्या ११ हजारांवर त्या माणसाला सवलत मिळेल आणि ती मिळवून देणारा कागद तुमच्या सहीचा असेल. ऑडिटरनं टिपण १५ मे ला दिली ती यासाठीच. यादी भरायच्या आत दुरुस्ती व्हायला हवी.

दुरुस्ती सोपी आहे. देणगीदाराला फोन करून मूळ पावती परत मागायची. ती स्थळप्रतीला जोडायची आणि दोन्हींवर "रद्द, चेक परत" असं लिहून तारीख टाकायची. पावती फाडून फेकायची नाही. मधला नंबर गायब दिसला की शंका वाढतेच. पुढं चेकच्या प्रत्येक पावतीवर "चेक वटल्यावरच ग्राह्य" असा शिक्का मारायचा.

बँकेत जाऊच न शकणारी देणगी

एका शेतकऱ्यानं अन्नदानासाठी सहा क्विंटल तांदूळ दिला. भाव ₹ ४,००० क्विंटल धरून ₹ २४,००० ची पावती फाडली, तीही पैशांच्याच पुस्तकातून. तांदूळ काही पासबुकात जमा होत नाही. फरक पडणारच.

वस्तूंसाठी वेगळं पावती पुस्तक ठेवा. त्यावर वस्तूचं नाव आणि वजन लिहा. किंमत लिहायची असेल तर भाव कुठून घेतला तेही लिहा. आणि वस्तू पुढं कुठं गेली याची नोंद साठा वहीत ठेवा, म्हणजे सहा क्विंटल आले, यात्रेत पाच वापरले, एक शिल्लक. १०बीडी मध्येही देणगी रोख, वस्तू की बँकेतून आली ते वेगळं सांगावं लागत होतं. वस्तुरूप देणगीवर ८०जी ची सवलत मिळत नव्हती. ₹ २,००० पेक्षा जास्त रोख देणगीवरही मिळत नव्हती. म्हणजे पावतीवर "कशानं दिली" हा रकाना रिकामा ठेवला, तर देणगीदार सवलत गृहीत धरून बसतो आणि नंतर तुमच्याशी भांडतो.

बँकेत पैसे आहेत, पावती नाही

आता दुसरी यादी. यात्रेच्या फ्लेक्सवर क्यूआर कोड छापला होता. मुंबईहून ४३ जणांनी पैसे पाठवले, कुणी १०१, कुणी ५,००१. पैसे थेट ट्रस्टच्या खात्यात आले आणि पावती पुस्तक मात्र राजुरीच्या कपाटात होतं. कुणी पावती फाडली नाही. एकूण ₹ ३८,७५०.

पैसे खात्यात सुरक्षित आहेत, मग अडचण काय? अडचण अशी की ते पैसे कशाचे होते हे आता कुणाला ठाऊक नाही. त्यातली एखादी रक्कम अभ्यासिकेची फी असू शकते. फी आणि देणगी या हिशेबात वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेच्या नोंदीत पाठवणाऱ्याचं नाव आणि व्यवहार क्रमांक दिसतो, पण पत्ता नसतो. २०२४-२५ ला लागू असलेल्या आयकर कायद्यात नाव-पत्त्याची नोंद नसलेल्या देणगीला निनावी देणगी म्हटलंय. निव्वळ धार्मिक ट्रस्टला तो नियम लागत नाही. पण अभ्यासिका चालवणाऱ्या आपल्यासारख्या ट्रस्टच्या निनावी देणग्या ₹ १ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातली जी रक्कम मोठी, तिच्या वर गेल्या तर वरच्या भागावर ३० टक्के कर लागतो.

आपल्या उदाहरणात यूपीआय आणि दानपेटी मिळून ₹ ६६,३५० होतात. मर्यादेच्या आत आहेत, त्यामुळं कर नाही. पण पुढच्या यात्रेत क्यूआरवर दुप्पट पैसे आले तर? म्हणून फ्लेक्सवर कोडच्या खालीच व्हॉट्सॲप नंबर छापा आणि लिहा: "पैसे पाठवल्यावर स्क्रीनशॉट, नाव, पत्ता व पॅन पाठवा, पावती मिळेल." आणि तो क्यूआर ट्रस्टच्याच खात्याचा आहे ना, हे छपाईच्या आधी एक रुपया पाठवून तपासा. घाईत खजिनदाराचा स्वतःचा क्यूआर छापला गेला, तर पैसे ट्रस्टच्या बँकेत येणारच नाहीत. मग प्रामाणिक माणसालाही स्वतःच्या खात्याचा उतारा गावासमोर ठेवावा लागतो.

दानपेटीचं मात्र वेगळं आहे. पेटीत टाकणाऱ्याचं नाव कळत नाही, त्यामुळं एकेकाची पावती शक्यच नाही. तिथं पावतीची जागा पंचनामा घेतो. पेटी दोन-तीन जणांसमोर उघडायची, रक्कम मोजायची, कागदावर सह्या घ्यायच्या आणि तेवढीच रक्कम त्याच किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत भरायची. पंचनाम्याचा आकडा आणि भरणा स्लिपचा आकडा एकच असेल, तर ऑडिटर पुढचा प्रश्न विचारत नाही.

खरी दुखरी जागा: पुस्तक क्र. ४

आता उरली बाब (४). यात्रेच्या दोन दिवसांसाठी पावती पुस्तक क्र. ४ एका कार्यकर्त्याकडं दिलं होतं. त्यातून ₹ ४६,५०० रोख जमली. गर्दी, धावपळ, समोर आचारी पैसे मागतोय. त्यानं जमलेल्या पैशातूनच सगळ्यांना देऊन टाकलं. मंडपाचे १२,०००, आचाऱ्याचे ९,०००, भाजी, दूध आणि गॅसचे ८,३००, वाजंत्रीचे ७,०००, छपाईचे ५,०००. हे झाले ₹ ४१,३०० आणि यांची व्हाउचर्स आहेत. उरलेल्या ₹ ५,२०० चा कागद नाही.

बघा, इथं चोरी झालीच असं कुणी म्हणत नाही. पण या पद्धतीमुळं तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली, ना जमा रोजमेळात आली ना खर्च. हिशेब नुसता पासबुकावरून लिहिला असता, तर ४६ हजारांची देणगीही दिसली नसती आणि यात्रेत अन्नदान झालं हेही दिसलं नसतं.

दुसरी, मंडपवाल्याला एका दिवसात रोख १२,००० दिले. एका माणसाला एका दिवसात ₹ १०,००० पेक्षा जास्त रोख दिली, तर आयकरासाठी तो खर्च ट्रस्टच्या कामावर केलेला खर्च म्हणून धरला जात नाही. तेच पैसे आधी बँकेत भरून मंडपवाल्याला चेकनं किंवा ऑनलाइन दिले असते, तर हा प्रश्नच नव्हता.

तिसरी गोष्ट माणसाची आहे. तो कार्यकर्ता कदाचित खरंच ५,२०० रुपये हारवाल्याला आणि पाण्याच्या टँकरला देऊन मोकळा झाला असेल. पण कागद नाही म्हणून आता त्याचं नाव "येणे" या रकान्यात जाणार. ट्रस्टची जी रक्कम वसूल व्हायला हवी होती पण झाली नाही, ती नजरेस आणून देणं हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० नुसार ऑडिटरचं काम आहे. तो गप्प बसू शकत नाही. तो "अपहार" असा शब्दही वापरत नाही, कारण तसा पुरावा नाही. म्हणून तो फक्त लिहितो: हिशेब मिळालेला नाही, अमुक तारखेपर्यंत द्यावा. विश्वस्तांनी सभेत हाच शब्द वापरावा. गावात एकदा "खाल्ले" हा शब्द सुटला की तो परत घेता येत नाही.

मुदतीत टँकरवाल्याची सही असलेली पावती आली, तर ती रक्कम खर्चात जाईल. नाही आली, तर कार्यकर्त्यानं पैसे भरायचे किंवा विश्वस्तांनी काय करायचं ते ठराव करून ठरवायचं. पण मागची तारीख टाकून नवीन व्हाउचर बनवायचं नाही. ५,२०० चा प्रश्न तेवढाच राहू द्या. खोटं व्हाउचर बनवलं की बाकीच्या खऱ्या व्हाउचर्सवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

मग वर्षाची खरी देणगी किती?

आता मजा बघा. पावत्यांच्या ६,८४,५०० मधून परत आलेल्या चेकचे ११,००० काढा. यूपीआयचे ३८,७५० आणि दानपेटीचे २७,६०० मिळवा. उत्तर येतं ₹ ७,३९,८५०. त्यातले ७,१५,८५० पैशात आणि २४,००० तांदळात. यूपीआयच्या सगळ्या रकमा देणग्याच आहेत, असं इथं धरलंय.

हा आकडा बरोबर आहे का, ते उलटं तपासा. पैशातले ७,१५,८५० घ्या. त्यातून हातातली रोख १८,४०० आणि यात्रेचे ४६,५०० वजा करा, कारण ते बँकेत गेलेच नाहीत. मागच्या वर्षाचे ९,३०० मिळवा, कारण ते या वर्षी बँकेत आले. येतात बरोबर ६,६०,२५०, म्हणजे बँकेचा आकडा. गाठ बसली.

म्हणजे सभेत भांडण ज्या दोन आकड्यांवरून चाललं होतं, त्यातला एकही वर्षाची देणगी सांगत नव्हता. देणगी दोन्हींपेक्षा जास्त होती. आणि काळजी करायची रक्कम २४,२५० नव्हती, ती फक्त ५,२०० होती.

पुढच्या वर्षी हे टाळायचं कसं

एकच नियम पक्का धरा: आलेली रोख आधी पूर्ण बँकेत, खर्च नंतर बँकेतून. बाब (४) या एका नियमानं संपते. यात्रेसारख्या दिवशी हातात रोख लागतेच, म्हणून आधी बँकेतून दहा-पंधरा हजार "यात्रा अग्रिम" म्हणून काढा आणि कार्यकर्त्याला सही घेऊन द्या. त्यातला खर्च वेगळा लिहायचा. पावतीचे पैसे वेगळ्या पिशवीत, त्यांना हात लावायचा नाही.

बँकेत भरणा करताना स्लिपच्या ट्रस्टकडच्या भागावर मागं पावती क्रमांक लिहा, "पुस्तक २, पावती ६१ ते ७८" असे. कारण बँकेत एकच जमा दिसते आणि तिच्यात अठरा पावत्या असतात. हे लिहिलेलं असेल तर ऑडिटरचं दोन दिवसांचं काम दोन तासांवर येतं.

पावती पुस्तकं कुणाला दिली आणि कधी परत आली याची एक वही ठेवा. कोरी पुस्तकंही त्यात आली पाहिजेत. वर्षअखेरीला एखादं पुस्तक परतच आलं नाही, तर त्यातून किती पावत्या फाटल्या हे बँकेचा कुठलाच उतारा सांगू शकत नाही. आपल्या टिपणीतली सगळी पडताळणी स्थळप्रतींवर उभी आहे. स्थळप्रतच हाती नसेल, तर ऑडिटरही काही करू शकत नाही.

आणि पैसे कुठं ठेवता ते बघा. गावातली पतसंस्था जवळ असते, ओळखीची असते. पण या अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये ट्रस्टचे पैसे ठेवायला शेड्यूल्ड बँक, पोस्टाची बचत बँक आणि शासनमान्य सहकारी बँक सांगितली आहे. त्या यादीत पतसंस्था नाही. तिथं भरलेली देणगी बँकेच्या उताऱ्यात दिसणार नाही आणि फरकाची आणखी एक बाब तयार होईल.

शेवटी, हे काम मार्चपर्यंत ठेवू नका. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोन याद्या काढा: पावती आहे पण बँकेत नाही, बँकेत आहे पण पावती नाही. महिन्यात पाच-दहाच नोंदी निघतात आणि माणसांना आठवतही असतं. अकरा महिन्यांनी टँकरवालाही विसरतो.

आता तुमच्या दुकानात या

बिलांची बेरीज आणि बँकेची जमा यांतला फरक तुमच्याकडंही हेच सांगतो. रविवारचा गल्ला मंगळवारी भरला, ही तारीख. उधारीचं बिल फाडलं पण पैसे आले नाहीत, हा परत आलेला चेक. क्यूआरवर पैसे आले आणि बिल फाडायचं राहिलं, ही यूपीआयची यादी. आणि गल्ल्यातूनच हमालाला, टेम्पोवाल्याला, घरच्या भाजीला दिलेले पैसे, हे तुमचं पुस्तक क्रमांक चार. तुमच्या दुकानात विचारायला सभा बसत नाही एवढाच फरक. या महिन्याच्या बिलांवरून दोन्ही याद्या काढा आणि व्हाउचर नसलेली रक्कम किती निघते ते बघा.